दोन मानपाडे आणि एक K

आमच्या रूममधला चंद्रपूरचा मित्र पहिल्यांदा मानपाड्याला निघाला तेव्हा ठाण्याला उतरला, रिक्षात बसला आणि घोडबंदर रोडवरच्या मानपाड्याला जाऊन उभा राहिला. आम्ही तिघं डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवर, एमआयडीसीच्या एका गाळ्यासमोर त्याची वाट बघत होतो. फोनवर तो म्हणाला, "अरे, मी मानपाड्यालाच आहे!" आणि तो खोटं बोलत नव्हता. नाव एकच, ठिकाणं दोन.

हा किस्सा मेसमध्ये आम्ही वर्षभर चघळला. पण ज्या कामासाठी आम्ही त्या गाळ्यात जात होतो, तिथे आम्ही चौघांनी मिळून नेमकी तीच चूक केली. फक्त रिक्षात बसून नाही, कॅल्क्युलेटर घेऊन. त्या चुकीबद्दल लिहायचं आहे, आणि शेवटी आपल्या लॅबकडे एक मागणीही करायची आहे.

गाळा छोटा. दोन पॉवर प्रेस, एक ड्रिल, एक लेथ. मालक, एक मिस्त्री काका, चार-पाच हेल्पर. पत्र्यातून वायसर आणि क्लिपा कापण्याचं काम. पंच पत्र्यातून खाली गेला की वर येताना पत्रा पंचाला चिकटून येतो. तो खाली ढकलून सोडवायला स्ट्रिपर प्लेट असते, आणि त्या प्लेटच्या मागे चार कॉम्प्रेशन स्प्रिंगा. तक्रार एवढीच होती की दर दोन महिन्यांनी यातली एखादी स्प्रिंग तुटते. एक तुटली की प्लेट तिरकी होते, तिरकी प्लेट पंचाला घासते, आणि मग पंचही जातो. स्प्रिंग स्वस्त, पंच महाग. मालक म्हणाले, "तुम्ही इंजिनिअरिंगची पोरं, जरा हिशोब करून सांगा." आम्हाला प्रोजेक्ट हवाच होता.

मोजमापं घेतली. तारेचा व्यास d = 6 मि.मी., वेटोळ्याचा मध्य व्यास D = 30 मि.मी., कामाचे वेढे n = 8. म्हणजे स्प्रिंग इंडेक्स C = D/d = 5. वेढे जवळजवळ आडवे, हेलिक्स अँगल अगदी कमी, म्हणून 'क्लोज कॉइल्ड'. याचा अर्थ एवढाच की वजन ठेवल्यावर तारेला मुख्यतः पीळ बसतो आणि वाकण्याचा भाग सोडून दिला तरी चालतो. पीळ किती? वजन P वेटोळ्याच्या अक्षावर, तार त्यापासून D/2 अंतरावर, म्हणून T = PD/2. इथून पुढची दोन सूत्रं आपण सगळ्यांनी सेकंड इयरला पाठ केलेली आहेत:

τ = 8PD / (πd³)

δ = 8PD³n / (Gd⁴)

G साठी 80,000 न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरलं (पुढे सगळे स्ट्रेस याच एककात आहेत). दुसऱ्या सूत्रातून कडकपणा निघाला बरोबर 60 न्यूटन प्रति मि.मी. डायमध्ये बसवतानाच स्प्रिंग 9 मि.मी. दाबलेली होती, आणि प्रेस खाली आली की आणखी 9. म्हणजे वजन 540 न्यूटनपासून 1080 न्यूटनपर्यंत जाऊन परत येत होतं. मिनिटाला साधारण 40 वेळा.

आता स्ट्रेस. साधं सूत्र 1080 न्यूटनला 382 देतं. पण आपण शहाणी मुलं, K विसरणार नाही. वालचा फॅक्टर:

K = (4C − 1)/(4C − 4) + 0.615/C

C = 5 ला 1.1875 अधिक 0.123, म्हणजे 1.31. स्ट्रेस झाला 501. तारेची तन्यता हिशोबापुरती 1500 धरली आणि पुस्तकी पद्धतीप्रमाणे तिच्या निम्मा, 750, हा परवानगीचा शिअर स्ट्रेस घेतला. 750 भागिले 501 बरोबर 1.5. स्प्रिंग सेफ!

पण समोर टेबलावर तुटलेली स्प्रिंग पडलेली होती.

मालक म्हणाले, "मग जाड तार घेऊ. साडेसहाची." आम्ही पुन्हा हिशोब केला. भोकात बसायची म्हणून बाहेरचा व्यास 36 तोच ठेवला, म्हणजे D झाला 29.5, C झाला 4.54, K वाढून 1.35. वजन तेच 1080 धरलं. स्ट्रेस 501 वरून 398 वर आला, फॅक्टर 1.9. आम्ही खूश. कागदावर नीट मांडून, खाली चौघांची नावं घालून मालकांच्या हातात दिला.

जाड स्प्रिंग तिसऱ्याच आठवड्यात तुटली. या वेळी तुटका वेढा उडाला आणि शेजारच्या हेल्परच्या भुवईवर लागला. दोन टाके पडले. डोळ्यापासून बोटभर अंतर होतं. तो मुलगा आमच्याच वयाचा. त्याने आम्हाला काही म्हटलं नाही, मालकांनीही नाही. पण तो कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली तसाच होता, आणि त्यावर माझं नाव पहिलं होतं.

त्यानंतर मी जे शिकलो ते खरं तर मशीन डिझाईनच्या पुस्तकातच होतं. आम्ही ते 'स्टेप' म्हणून वाचलं होतं, अर्थ म्हणून नाही.

आधी K कडे बघू. त्या एका अक्षरात दोन वेगळ्या गोष्टी राहतात, दोन मानपाड्यांसारख्या.

पहिली गोष्ट सोपी आहे. तारेला पीळ तर बसतोच, पण वजन P तारेचा छेद सरळही कापू बघतं. हा डायरेक्ट शिअर. त्याची सरासरी 4P/πd². पिळाच्या स्ट्रेसशी त्याचं प्रमाण काढलं तर d/2D येतं, म्हणजे 0.5/C. वेटोळ्याच्या आतल्या बाजूला तो पिळाच्या स्ट्रेसमध्ये मिळतो, बाहेरच्या बाजूला वजा होतो. म्हणून आतल्या बाजूसाठी Ks = 1 + 0.5/C. आमच्या स्प्रिंगला 1.1. वालच्या सूत्रात 0.5 च्या जागी 0.615 आहे, कारण गोल छेदात हा शिअर सगळीकडे सारखा नसतो. त्या जागी तो सरासरीच्या 1.23 पट असतो, आणि 1.23 चं निम्मं 0.615.

दुसरी गोष्ट म्हणजे वक्रता. 16T/πd³ हे सूत्र सरळ शाफ्टसाठी काढलेलं आहे. स्प्रिंगची तार सरळ नाही, वळलेली आहे. एका वेढ्याची आतली कड मोजा: π(D − d), म्हणजे 24π. बाहेरची कड 36π. आतला धागा बाहेरच्याच्या दोन-तृतीयांश लांबीचा. आता तारेचे जवळजवळचे दोन छेद एकमेकांच्या तुलनेत ठरावीक कोनाने फिरले, तर सरकणं दोन्ही कडांना सारखं, पण आतल्या कडेला ते कमी लांबीत उरकावं लागतं. म्हणून तिथे स्ट्रेन जास्त आणि स्ट्रेस जास्त. (4C − 1)/(4C − 4) हा भाग या वक्रतेचा आहे. C मोठा केला की तो 1 कडे जातो: C = 10 ला 1.083, C = 5 ला 1.1875, C = 3 ला 1.375. घट्ट वळवलेल्या जाड तारेला ही शिक्षा जास्त. ए. एम. वाल यांनी वेस्टिंगहाऊसमध्ये असताना 1929 साली हे मांडलं, आणि त्यांच्या निबंधाच्या नावातच 'जाड, जवळ वळवलेल्या' स्प्रिंगा होत्या. बारीक तारेच्या मोठ्या स्प्रिंगांत हा प्रश्न एवढा बोचतच नाही.

या दोन गोष्टी वेगळ्या का ठेवायच्या? कारण त्यांचं वागणं वेगळं आहे. डायरेक्ट शिअर हे खरं वजन आहे. ते कुणीतरी पेलायलाच हवं. वक्रतेचा जास्तीचा स्ट्रेस मात्र तारेच्या आतल्या कडेच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात असतो. वजन एकदाच ठेवलं, स्थिर राहिलं, तर तो पट्टा थोडासा यील्ड होतो, भार शेजाऱ्यांना वाटून देतो आणि प्रकरण मिटतं. पण तेच वजन लाखो वेळा ये-जा करत असेल तर त्या चिंचोळ्या पट्ट्यातच भेग सुरू होते. भेगेला पूर्ण छेदाची गरज नसते, तिला एक बिंदू पुरतो.

म्हणून नियम असा: जो स्ट्रेस स्थिर आहे त्याला Ks, जो हलतो आहे त्याला पूर्ण K. आम्ही काय केलं होतं? सगळ्या वजनाला K लावला, आणि मग त्याची तुलना स्थिर ताकदीशी केली. योग्य नाव, चुकीचं गाव.

आता बरोबर पत्त्यावर जाऊ. वजन 540 ते 1080. सरासरी 810, आणि तिच्या वर-खाली 270. सरासरीचा स्ट्रेस Ks लावून 315. हलणारा स्ट्रेस K लावून 125. ओढून कडक केलेल्या अशा तारेसाठी पुस्तक सांगतं की शून्यापासून वर आणि परत शून्यावर अशा खेपा घालताना तार तन्यतेच्या 0.21 पट टिकते, आणि शिअरमधला यील्ड 0.42 पट. 1500 ला हे आकडे 315 आणि 630. पहिल्या आकड्याचा अर्थ, सरासरी 157.5 आणि हलणारा 157.5 असा बिंदू. तिथून 630 पर्यंत सरळ रेघ मारली तर तिचा उतार बरोबर एक-तृतीयांश निघतो. म्हणजे आमच्या तारेपुरता हिशोब एका ओळीत बसतो: सरासरी स्ट्रेस अधिक तीन वेळा हलणारा स्ट्रेस 630 च्या आत राहिला पाहिजे.

आता गंमत बघा. कुठलीही दुरुस्ती न करता ही बेरीज 573 येते, फॅक्टर 1.10, स्प्रिंग सेफ. फक्त डायरेक्ट शिअर धरला, दोन्हीला Ks लावला, तर बेरीज 630, फॅक्टर 1.00, अगदी काठावर. वक्रता धरली की 315 + 3 × 125 म्हणजे जवळपास 690, फॅक्टर 0.91. स्प्रिंग तुटणार. कधी? मिनिटाला 40, दिवसाला खरे चालू तास सहा धरले तर 14,400 खेपा. दोन महिन्यांत साडेसात लाख. ज्या स्प्रिंगला आम्ही दीडपट सुरक्षित म्हणालो होतो ती नेमकी तुटायला हवी तशीच तुटत होती. सेफ आणि तुटणार यांच्यामध्ये उभा होता तो फक्त वक्रतेचा भाग.

आणि ती स्वतः हे सांगतही होती. तुटलेला तुकडा पुन्हा हातात घेतला. तारेच्या आतल्या कडेवर एक लहान गुळगुळीत चंद्रकोर होती, तिच्या भोवती लाटांसारख्या पुसट रेघा, आणि उरलेला भाग खरखरीत, साधारण 45 अंशात तिरका फाटलेला. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू वाढलेली भेग, खरखरीत म्हणजे शेवटचा झटका. भेगेची सुरुवात आतल्या कडेला आहे, म्हणजे वक्रतेचा स्ट्रेस आणि थकवा. तीच सुरुवात बाहेरच्या कडेला असती तर तारेवरचा ओरखडा, गंज किंवा वळवतानाची खूण शोधावी लागली असती. टोकाच्या वेढ्याशी तुटली असती, जिथे शेवटचा वेढा शेजारच्याला घासतो, तर दोष बसवण्यात शोधावा लागला असता. एका भिंगाने पाच मिनिटांत हे कळतं. आम्ही ती स्प्रिंग पहिल्या दिवशी पेपरवेट म्हणून वापरली होती.

पण जाड तार अधिक लवकर का तुटली? ही चूक K ची नव्हती, दुसऱ्या सूत्राची होती, आणि मला तीच जास्त लाजिरवाणी वाटते. आम्ही वजन 1080 तेच धरलं. पण त्या प्रेसला वजन माहीतच नाही. प्रेसला माहीत आहे फक्त स्ट्रोक. ती स्प्रिंगला 18 मि.मी. दाबणारच, स्प्रिंग कितीही कडक असो. d चा चौथा घात असल्यामुळे साडेसहाच्या तारेचा कडकपणा 60 वरून 87 वर गेला होता. 18 मि.मी. ला वजन 1080 नाही, 1564 न्यूटन. दोन्ही सूत्रं एकत्र केली आणि P काढून टाकला की हे उघडंनागडं दिसतं:

τ = Gdδ / (πD²n)

दाबणं ठरलेलं असेल तर स्ट्रेस d च्या प्रमाणात वाढतो, कमी होत नाही! वर D लहान झाला, C लहान झाला, K वाढला. सर्वांत जास्त स्ट्रेस 501 वरून 577 वर गेला, थकव्याचा फॅक्टर 0.91 वरून 0.80 वर आला. आम्ही स्प्रिंग 'मजबूत' केली आणि ती तिसऱ्या आठवड्यात तुटली.

उपाय याच सूत्रात दिसतो: n वाढवा. तीच सहाची तार, तोच D, वेढे 8 ऐवजी 12. कडकपणा 60 चा 40 झाला, स्ट्रेस दोन-तृतीयांशावर आला, फॅक्टर 1.37. पण मग पत्रा सोडवण्याचा जोर कमी पडेल. चार स्प्रिंगांचा जोर 4 × 1080 म्हणजे 4320 होता. नव्या सहा बसवल्या तर 6 × 720, पुन्हा 4320. बरोबर तेवढाच. किंमत एवढीच की चार वेढे वाढल्यामुळे पूर्ण मिटलेली लांबी 24 मि.मी. वाढते, आणि प्लेटवर दोन जास्तीची भोकं पाडायला जागा लागते. त्या प्रेसची शट हाईट तेवढी मोकळी होती. मिस्त्री काकांनी भोकं पाडली. आमचा प्रोजेक्ट संपेपर्यंत एकही स्प्रिंग तुटली नाही.

त्याच एमआयडीसीत केमिकलचे कारखाने आहेत, आणि त्यांच्या रिअॅक्टरांवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतात. त्या प्रकारातल्या स्प्रिंगचं आयुष्य आमच्या स्प्रिंगच्या अगदी उलट. ती महिनोन्महिने एकाच लांबीला दाबून बसलेली असते. तिथे वक्रतेच्या स्ट्रेसचा बाऊ करायचं कारण नाही, Ks पुरतो. पण तिथे डिफ्लेक्शनचं सूत्र जीवनमरणाचं होतं, कारण व्हॉल्व्ह किती दाबाला उचलला जाईल आणि पूर्ण उघडायला आणखी किती दाब लागेल हे स्प्रिंगचा कडकपणा ठरवतो. तिथे कुणी 'मजबूत' म्हणून जाड तारेची स्प्रिंग बसवली तर ती तुटणार नाही. व्हॉल्व्ह पुरेसा उघडणार नाही, आणि हे त्याहून वाईट. तीच दोन सूत्रं, पण कुठल्या मानपाड्याला जायचंय ते आधी विचारलं पाहिजे.

आता आपल्या लॅबकडे येतो. स्प्रिंगचा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. हूकला स्प्रिंग लावायची, वजनं चढवायची, डिफ्लेक्शन वाचायचं, आलेख काढायचा, उतारावरून G काढायचा. G 80,000 च्या आसपास आला की जर्नलवर सही. नाही आला तर काय करतात हे मी लिहीत नाही, लॅब असिस्टंट वाचतायत. पण न येण्याचं कारण बहुतेक वेळा आपल्या हातातला व्हर्निअर असतो. सहाच्या तारेवर रंगाचा थर धरून 0.1 मि.मी. जास्त वाचलं, तर d⁴ मुळे G जवळपास साडेसहा टक्क्यांनी खाली येतो. आकडे 'अॅडजस्ट' करण्यापेक्षा रंग खरवडून मायक्रोमीटरने दोन-तीन जागी मोजावं.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. हा प्रयोग चांगला आहे, पण तो फक्त डिफ्लेक्शनचा प्रयोग आहे, आणि डिफ्लेक्शनला K ची खबरच नसते. डिफ्लेक्शन म्हणजे तारेच्या πDn एवढ्या सगळ्या लांबीतल्या पिळाची बेरीज. आतल्या कडेला थोडा जास्त, बाहेरच्या कडेला थोडा कमी, बेरजेत सगळं विरघळून जातं. डायरेक्ट शिअर धरला तरी δ मध्ये दुरुस्ती 1 + 0.5/C² एवढीच, C = 5 ला दोन टक्के. आणि त्याच स्प्रिंगच्या स्ट्रेसमध्ये दुरुस्ती एकतीस टक्के! म्हणजे आपण प्रयोग करतो दोन टक्क्यांवाल्या गोष्टीचा, आणि स्प्रिंग तुटते ती एकतीस टक्क्यांवाल्या गोष्टीने. लॅबमध्ये कितीही काळजीपूर्वक वाचनं घेतली तरी त्यातून आतल्या कडेला काय चाललंय ते दिसणं शक्य नाही. व्हायवाला एक्सटर्नल विचारतात, "वाल फॅक्टर का लावतात?" आपण म्हणतो, "सर, करेक्शनसाठी." ते मान डोलावतात. दोघांचाही चहा थंड होत असतो.

एका सरांशी याबद्दल बोललो. ते म्हणाले, "अरे, सगळीकडे K लावून टाक ना. फार तर फॅक्टर कमी दिसेल, तू सेफ साइडला राहशील." सरांबद्दल आदर ठेवूनच लिहितो, मला हे पटत नाही. 'सेफ साइड' ही बाजू तेव्हाच असते जेव्हा फॅक्टर कमी दिसल्यावर आपण जे करतो त्याने स्ट्रेस खरोखर कमी होतो. फॅक्टर कमी दिसला की आपला हात पहिल्यांदा जातो जाड तारेकडे. ठरलेल्या स्ट्रोकच्या यंत्रात ती जाड तार स्ट्रेस वाढवते. आम्ही सगळीकडे K लावला होताच. त्याने आम्हाला वाचवलं नाही, आणि त्या हेल्परला तर नाहीच.

दुसरा आक्षेप वेळेचा. सिलॅबस भरलेला, प्रॅक्टिकल दोन तासांचं, बॅच वीसची. मान्य. म्हणून मी नवा प्रयोग मागत नाही. थकव्याचं मशीन मागत नाही. मागणी एवढीच आहे की स्प्रिंग टेस्टिंगच्या टेबलावर एक तुटलेली स्प्रिंग ठेवा, शेजारी एक भिंग, आणि जर्नलमध्ये तीन प्रश्न वाढवा. भेग कुठल्या कडेला सुरू झाली? या स्प्रिंगला वजन ठरलेलं होतं की दाबणं? आणि यातल्या कुठल्या स्ट्रेसला Ks लावाल, कुठल्याला K? पंधरा मिनिटांचं काम. पेपर काढणाऱ्यांनाही एक विनंती: K काढायला दोन मार्क देण्याऐवजी तो कुठे लावायचा यासाठी एक मार्क द्या. काढणं कॅल्क्युलेटरही करतो.

तुटलेली स्प्रिंग कुठून आणायची ही अडचण असेल तर ती मी सोडवली आहे. त्या गाळ्यातून निघताना मिस्त्री काकांकडून दोन तुकडे मागून घेतले: एक सहाच्या तारेचा, एक साडेसहाचा. ते म्हणाले, "भंगाराचं काय करणार?" सध्या ते माझ्या रूमच्या खिडकीत आहेत. विभागाने हो म्हटलं की आणून देतो. साडेसहाच्या तुकड्याला मी एक चिठ्ठी बांधली आहे, त्यावर आमचा जुना फॅक्टर लिहिलाय: 1.9.